कामाचे बोलणे, माणसांचे बोलणे : जर्मन कचेरीत रुजू होणाऱ्या मराठी वाचकांसाठी प्रस्तावना

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. नाशिकला बॉशचा कारखाना आहे, चाकणला मर्सिडीजचा, आणि या दोन्ही कंपन्यांची मूळ घरे स्टुटगार्टच्या परिसरात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला आणि अभियंत्यांच्या वाटेवर परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांचीही पावले पडू लागली. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात संध्याकाळच्या वर्गाला बसलेली मुले-मुली व्याकरण घोटतात, परीक्षा देतात, व्हिसा मिळवतात. तरीही नेकार नदीच्या खोऱ्यातल्या एखाद्या कचेरीत पहिले काही महिने काढलेल्या माणसाला विचारा, तो भाषेची अडचण फार सांगणार नाही. ‘माणसे तुटक बोलतात’, ‘सगळ्यांसमोर चूक काढली’, ‘कोणी चहाला बोलवत नाही’ असे काहीतरी तो सांगेल. या तक्रारींच्या मुळाशी काय आहे, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासाची ओळख वाचकांना करून द्यावी, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

परदेशातल्या कामाच्या रीतींविषयी मराठीत सल्ले पुष्कळ मिळतात : वेळ पाळा, हस्तांदोलन घट्ट करा, हवामानावर बोला. हे सल्ले खोटे नाहीत, पण सुटे आहेत. ते एका सूत्रात ओवले नाहीत तर अनोळखी प्रसंगी उपयोगी पडत नाहीत. मला दिसणारे सूत्र असे आहे. आपल्याकडे काम आणि नाते एकाच वाक्यात सांभाळले जाते. ‘बघतो सर, करू या’ या उत्तरात कामाचा अंदाजही असतो आणि साहेबांचा मानही. जर्मन कचेरीत या दोन गोष्टींच्या जागा वेगळ्या असतात. कामाच्या बोलण्यात नाते आणायचे नसते. नात्याचे बोलणे सकाळच्या नमस्कारात, जेवणाच्या टेबलावर, केकच्या ताटाभोवती आणि निघतानाच्या निरोपात होते. नवागत कामाच्या बोलण्यात ओलावा शोधतो, तो तिथे सापडत नाही, आणि जिथे तो असतो तिथे आपण जातच नाही. वाचकांनी पुढचे सारे तपशील हे एक सूत्र हाताशी धरून वाचावेत.

या विषयाला विद्वानांची मोठी परंपरा आहे आणि ती नवख्यालाही सहज उमगण्यासारखी आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये दाखवून दिले, की माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत. केवळ एकमेकांशी जोडलेले राहण्यासाठी बोलतात. ‘काय, कसं काय?’ या प्रश्नाचे काम तेच. एडवर्ड हॉल यांनी १९७६ मधल्या ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात समाजांचा एक फरक मांडला : काही ठिकाणी अर्थाचा मोठा भाग प्रसंगात, नात्यात, स्वरात दडलेला असतो, तर काही ठिकाणी तो शब्दांतच उघड मांडावा लागतो. जर्मनभाषक समाज त्यांनी या दुसऱ्या टोकाजवळ ठेवला. पुढे हाम्बुर्गच्या भाषाशास्त्रज्ञ युलियाने हाउस यांनी जर्मन आणि इंग्रजी संभाषणांची वर्षानुवर्षे तुलना केली. त्यांना जर्मन बोलणे अधिक थेट, अधिक उघड आणि ठरीव सौजन्यवाक्यांपेक्षा आशयावर अधिक भर देणारे आढळले. रेगेन्सबुर्गचे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर थॉमस यांनी ‘संस्कृतीचे मानदंड’ ही कल्पना मांडली, आणि त्याच धाग्यावर सिल्व्हिया श्रोल-माखल यांनी २००२ मध्ये जर्मनांवर एक सुबोध पुस्तक लिहिले. व्यक्तीपेक्षा विषयाला प्राधान्य, खासगी आणि कामाच्या जगांत आखलेली रेघ, वेळेचे नियोजन हे त्यातले मानदंड आपल्याला वारंवार भेटतील.

येथे हॉल यांच्या मांडणीचा एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. मराठी नवागताने जर्मनीला जाण्याआधी बहुधा अमेरिकन किंवा ब्रिटिश ग्राहकांबरोबर काम केलेले असते. तिथे शिकलेले इंग्रजी सौजन्य तो बरोबर नेतो : आधी स्तुती, मग हळूच सुधारणा, शेवटी पुन्हा स्तुती. स्टुटगार्टच्या बैठकीत या रचनेतली सुधारणा हरवते. ऐकणाऱ्याला स्तुतीच खरी वाटते. म्हणजे त्याला दोन सवयींकडे एकाच वेळी पाहावे लागते, एक घरची आणि एक आधीच्या नोकरीतली. ‘परदेश’ नावाची एकच जागा नसते, हे इथे लख्ख कळते.

आता एक प्रसंग सविस्तर पाहू. तो रचलेला आहे, पण त्याची जडणघडण या वाटेने गेलेल्या अनेकांच्या ओळखीची आहे. समजा, तुम्ही स्टुटगार्टजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी अभियंता म्हणून रुजू झाला आहात. मंगळवारी सकाळी नऊला आठवड्याची बैठक आहे. प्रकल्पाची जबाबदारी असलेली सहकारी विचारते, ‘कंपन-चाचणीचा अहवाल शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होईल?’ पुरवठादाराकडून मोजमापांची फाइल अजून आलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रवार अवघड आहे, हेही ठाऊक आहे. पण नव्या जागी सुरुवातीलाच नकार कसा द्यायचा? तुम्ही किंचित थांबता, हसता आणि म्हणता, ‘प्रयत्न करतो.’

पुण्यात हे उत्तर पुरेसे होते. तिथल्या साहेबांनी ते थांबणे ऐकले असते. संध्याकाळी त्यांनी ‘काय रे, होतंय ना?’ असे विचारले असते, तुम्ही फाइलची अडचण सांगितली असती, त्यांनी पुरवठादाराला फोन लावला असता. नकार दिला गेला असता, घेतलाही गेला असता, आणि कोणाचेच मन दुखावले नसते. ही एक सुबक, अनेकांच्या सहभागाने चालणारी पद्धत आहे. तिच्यात काहीही कमी नाही. मात्र ती चालायला समोरच्याने थांबणे ऐकावे लागते आणि संध्याकाळी विचारावे लागते.

स्टुटगार्टला दुपारी बैठकीचे इतिवृत्त ई-मेलने येते. त्याला ते ‘प्रोटोकोल’ म्हणतात. त्यात एक ओळ असते : कंपन-चाचणी अहवाल, पुढे तुमचे आडनाव, पुढे शुक्रवार, १२ वाजता. तुमचे थांबणे त्या ओळीत नाही. बुधवारी कोणी विचारायला येत नाही, गुरुवारीही नाही. हे दुर्लक्ष नव्हे. तुमच्या नावावर पडलेले काम तुमचे आहे, मधेच विचारणे म्हणजे तुमच्यावर पाळत ठेवल्यासारखे होईल, अशी तिकडची समजूत आहे. फाइल येत नाही. तुम्ही पुरवठादाराला पत्रे पाठवता, रात्री उशिरापर्यंत बसून जुन्या आकड्यांवर तात्पुरता अहवाल उभा करता आणि शुक्रवारी साडेअकराला सांगता, की पूर्ण झालेला नाही. दुपारी दोनला त्या सहकारीची ग्राहकाबरोबर बैठक असते. ती सगळ्यांदेखत म्हणते, ‘हे तुम्हाला बुधवारी माहीत होते. बुधवारी का सांगितले नाही?’

या क्षणी नवागताला वाटते, की उशीर झाला म्हणून आपला पाणउतारा केला. तिच्या प्रश्नाकडे नीट पाहा. त्यात उशिराविषयी एक शब्दही नाही. बुधवारी कळले असते तर तिने ग्राहकाची बैठक पुढे ढकलली असती, किंवा पुरवठादाराकडे आपल्या नावाने तगादा लावला असता. तिच्या हातून गेली ती आखणी बदलण्याची संधी. तुमच्या रात्रीच्या जागरणाचे तिला कौतुक नाही, आणि याला कायद्याचेही एक कारण आहे. जर्मन कामाच्या वेळांच्या कायद्यानुसार रोजचे काम सर्वसाधारणपणे ८ तासांचे असते. पुढे भरपाई होणार असेल तर ते १० तासांपर्यंत वाढवता येते. आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. रात्री अकराला पाठवलेला ई-मेल मेहनतीची खूण ठरत नाही. आखणी चुकल्याची खूण ठरू शकतो, आणि तुमच्या वरिष्ठाला अडचणीतही आणू शकतो.

मंगळवारी काय म्हणायला हवे होते? ‘शुक्रवारी बारापर्यंत होणार नाही. पुरवठादाराची मोजमापे आलेली नाहीत. ती उद्या संध्याकाळपर्यंत आली, तर सोमवारी दुपारी अहवाल देतो. नाही आली, तर उद्याच कळवतो.’ या उत्तराचे चार भाग आहेत : नकार, कारण, अटीसह नवी तारीख आणि पुढची बातमी कधी मिळेल ते. क्षमायाचना नाही, कारण अजून कोणाचे काही बिघडलेले नाही. मराठी कानाला हे कोरडे वाटेल. तिच्या दृष्टीने मात्र हेच सौजन्य आहे, कारण तुम्ही तिच्या हाती आखणीसाठी चार दिवस दिलेत. आणि इतिवृत्तात चुकीची नोंद आलीच, तर त्याच दिवशी दोन ओळींचे उत्तर पाठवून दुरुस्ती सुचवता येते. त्याचा कोणी राग धरत नाही. दुरुस्ती न सुचवलेली नोंद मात्र मान्य केलेली नोंद समजली जाते.

टीकेचेही असेच आहे. ‘हे चूक आहे’, ‘माझे मत वेगळे आहे’ ही वाक्ये जर्मन बैठकीत रोजची आहेत, आणि ती वरिष्ठालाही ऐकवली जातात. त्यांचा रोख टेबलावरच्या आराखड्याकडे असतो. तासभर एकमेकांचे मुद्दे खोडणारी दोन माणसे बाराला एकत्र जेवायला जाताना दिसतात, तेव्हा नवागताला ती नाटकी वाटतात. पण त्यांच्या लेखी बैठक संपली तिथे मतभेदही टेबलावरच राहिला. कौतुकाचे माप लहान असते. श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या मुलखात, ‘ओरडले नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले’ अशा अर्थाची म्हणच आहे. ‘वाईट नाही’ हा शेरा तिथे चांगल्या कामाला मिळतो. त्यामुळे शांततेचा अर्थ नाराजी असा लावू नये. आपले काम कसे चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर वरिष्ठाकडे अर्ध्या तासाची वेळ मागून सरळ विचारावे : काय चांगले चालले आहे, काय बदलायला हवे. नोकरीच्या सुरुवातीचा परीक्षणाचा काळ सहसा सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेने करार संपवता येतो. म्हणून हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात विचारलेला बरा. सहाव्या महिन्यात मिळालेल्या उत्तरावर काही करायला वेळ उरत नाही.

आता माणसांच्या बोलण्याकडे येऊ. जर्मन कचेरीत गप्पा नसतात, हा समज वाचकांनी सोडून द्यावा. त्या असतात, त्यांच्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात. सकाळी मजल्यावर येणारा प्रत्येक जण वाटेतल्या उघड्या दारांतून ‘मॉर्गेन’ म्हणत जातो. तुम्ही मान खाली घालून आपल्या खुर्चीपर्यंत गेलात, तर तो संकोच न वाटता अनादर वाटतो. अकरा वाजल्यापासून दीड-दोनपर्यंत बोळात भेटणारी माणसे एकमेकांना ‘मालत्साइट’ म्हणतात. शब्दाचा संबंध जेवणाशी आहे, पण त्या वेळेपुरता तो नमस्कारच असतो, उत्तरही तेच. दिवसअखेर ‘फायरआबेंट’ची, म्हणजे कामानंतरच्या मोकळ्या संध्याकाळची, शुभेच्छा देऊन निघायचे. हे तीन शब्द ज्याच्या तोंडी बसले, त्याचे निम्मे एकटेपण कमी झाले असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

‘कसे आहात?’ हा प्रश्न मात्र जपून वापरावा. अमेरिकेत तो जाता जाता फेकला जातो. जर्मनीत तो विचारला की समोरचा थांबतो आणि खरोखर उत्तर देतो. कॉफीच्या यंत्राशी पाच मिनिटे मिळाली, तर विषय कोणते? सुट्टीचे बेत हा तिथला हुकमी विषय आहे. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २० दिवस रजा मिळते, पुष्कळ कंपन्या त्याहून जास्त देतात, आणि रजेचे नियोजन महिने आधी चालते. रेल्वेचा उशीर, शनिवारची भटकंती, बागेतले टोमॅटो, फुटबॉल, गावातला बाजार हेही चालते. पगार, लग्न, मूल कधी, धर्म, भाड्याचा आकडा हे आपल्याकडे आपुलकीचे प्रश्न आहेत. तिथे ते ओळख मुरल्यावरचे आहेत. याचा अर्थ ती माणसे दूरची असतात असा नव्हे. एखाद्या सहकाऱ्याने वर्षभरानंतर घरी जेवायला बोलावले, तर ते बोलावणे विचार करून दिलेले असते, आणि त्यापुढे ती ओळख सहसा टिकते.

केकचा रिवाज तर प्रत्येक नवागताने समजून घ्यावा. तिथे वाढदिवस ज्याचा, तो सगळ्यांसाठी केक आणतो आणि स्वयंपाकघरात ठेवून छोटासा ई-मेल पाठवतो. शुभेच्छा त्याच दिवशी किंवा नंतर द्यायच्या. आदल्या दिवशी दिलेल्या शुभेच्छा अशुभ मानल्या जातात. तुमचा वाढदिवस कोणी साजरा केला नाही म्हणून खट्टू होण्याआधी आठवावे, की पुढाकार तुमच्याकडे होता. तसाच ‘आइनश्टांट’ नावाचा रिवाज आहे : नव्याने आलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत सहकाऱ्यांना काहीतरी खाऊ घालतो. श्वाबियात अशा वेळी लोणी लावलेल्या ब्रेत्सेल चालतात, पण नारळाच्या वड्या आणि चकल्या नेल्यात तर टेबलाभोवती माणसे जास्त वेळ थांबतात. शेजारी घटकांची छोटी चिठ्ठी ठेवावी : दूध, शेंगदाणे, काजू, तीळ. अॅलर्जी असलेल्यांसाठी ती गरजेची आहे, आणि ती वाचता वाचताच पहिला प्रश्न येतो : ‘हे तळलेले आहे का? कशाचे पीठ?’ परक्या कचेरीत आपण होऊन सुरू केलेल्या गप्पा याहून सोप्या क्वचित असतात.

संबोधनाच्या बाबतीत मराठी माणसाची तयारी चांगली असते, कारण तू आणि तुम्ही यांतला फरक त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. जर्मनमधला ‘डू’ साधारण तू आणि ‘झी’ साधारण तुम्ही. पण वापराची दिशा वेगळी आहे. आपल्याकडे वरिष्ठ तू म्हणतो आणि कनिष्ठ तुम्ही म्हणतो, यात कोणाला वावगे वाटत नाही. जर्मन कचेरीत ते एकतर्फी चालत नाही : साहेब शिकाऊ मुलालाही ‘झी’ म्हणतात, आणि ‘डू’ ठरला की दोघांकडूनही ठरतो. तो देऊ करण्याचा मान वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाचा. आजकाल अनेक कंपन्यांत पहिल्या दिवसापासून ‘डू’ असते. शंका असेल तर ‘झी’पासून सुरुवात करावी. साहेबांना ‘डू’ म्हणताना आपली जीभ अडते, हे स्वाभाविक आहे. तो अनादर नाही, आणि त्याने अधिकारही कमी होत नाही. निर्णय तेच घेतात.

नावाचाही एक लहानसा प्रश्न उभा राहतो. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. जर्मन कागदपत्रांत ही दोन्ही तुमचीच नावे धरली जातात आणि कंपनीच्या ई-मेल पत्त्यातही कधी कधी दोन्ही येतात. शिवाय इंग्रजी ‘जे’ अक्षराचा उच्चार तिथे ‘य’ होतो आणि ‘झेड’चा ‘त्स’. जयंताचा ‘यायांट’ होतो तो असा. पहिल्या दिवशीच नाव सावकाश उच्चारून दाखवावे आणि कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल ते सांगावे. पहिल्या आठवड्यात केलेली दुरुस्ती सगळे आनंदाने स्वीकारतात. वर्षभराने केलेली दुरुस्ती त्यांनाच अवघडवते.

इतके सांगून झाल्यावर या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘जर्मन असे असतात’ हे वाक्य सरासरीविषयी आहे. गेर्ट होफस्टेड यांचा गाजलेला अभ्यास आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवर उभा आहे आणि त्याचे १९८० चे पुस्तक देशांची तुलना करते, माणसांची नव्हे. बर्लिनमधली तरुण सॉफ्टवेअर कंपनी, श्वाबियातला तीन पिढ्यांचा कौटुंबिक कारखाना आणि रुग्णालयाचा वॉर्ड यांच्या बोलण्याच्या रीती एकसारख्या नसतात. परिचारिकेला रुग्णाशी, नातेवाइकांशी आणि डॉक्टरांशी तीन तऱ्हांनी बोलावे लागते, आणि शिफ्ट बदलताना थोडक्यात, पण काहीही न गाळता सांगावे लागते. वाचकांनी पुस्तकातला नियम आपल्या जागेवर तपासून पाहावा आणि जुळला नाही तर जागेवर विश्वास ठेवावा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. प्रत्येक बोचणाऱ्या वाक्याला ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणून सोडून देऊ नये. थेट बोलणे आणि भेदभाव यांत फरक आहे आणि तो ओळखता येतो. तीन प्रश्न विचारावेत. शेरा कामावर आहे की तुमच्यावर, तुमच्या उच्चारावर, मूळ देशावर? त्यात नेमका तपशील आहे का, काय चुकले आणि काय हवे? आणि तीच व्यक्ती इतरांच्या कामाविषयीही तसेच बोलते का? पहिल्याचे उत्तर ‘माझ्यावर’ आणि उरलेल्या दोन्हींचे ‘नाही’ असे येत असेल, तर तो संवादशैलीचा प्रश्न राहिलेला नाही. अशा वेळी तारीख, स्थळ, उपस्थित माणसे आणि उच्चारलेले शब्द लिहून ठेवावेत. कंपनीत ‘बेट्रीब्सराट’ ही कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असेल, तर तिच्याकडे जावे. कर्मचाऱ्यांची बाजू मांडणे हे तिचे कामच आहे. समान वागणुकीचा कायदा २००६ पासून लागू आहे आणि त्याखाली भरपाईचा दावा साधारणपणे दोन महिन्यांच्या आत लेखी करावा लागतो. सहन करत राहिल्याने ही मुदत निघून जाते, म्हणून ती आधीच माहीत असलेली बरी.

या अभ्यासाकडे यावे कसे? नव्या वाचकांना मी सुचवीन, की सिद्धान्तांपासून सुरुवात करू नये. आधी एक बैठक निवडावी आणि तिच्यात घडलेला एकच नकार टिपून घ्यावा : कोणी कोणाला दिला, कोणत्या शब्दांत, कारण आधी आले की नंतर, आणि समोरच्याने काय उत्तर दिले. मग तोच नकार पुण्यात किंवा नागपुरात कसा दिला गेला असता ते शेजारी लिहावे. असे आठ-दहा नकार जमले, की हाउस यांचे निष्कर्ष वाचायला घ्यावेत. ते तेव्हा कोरडे वाटणार नाहीत. त्यानंतर श्रोल-माखल, मग हॉल. मालिनोव्स्कींचा निबंध शेवटी वाचावा, कारण तो वाचताना आपल्याच पारावरच्या गप्पा नव्याने कळू लागतात.

आणखी एक विनंती आहे. सौजन्याविषयीच्या जगभर वाचल्या जाणाऱ्या सिद्धान्तात, पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या मांडणीत, तमिळनाडूतल्या खेड्यातले बोलणे आधाराला आहे. मराठी बोलण्यालाही तितकीच समृद्ध सामग्री पुरवता येईल. आपण नकार किती तऱ्हांनी देतो, ‘बघू’, ‘जमवू’, ‘तुम्ही म्हणताय तर’ यांच्या छटा कोण कोणाशी वापरतो, आणि परक्या कचेरीत गेल्यावर त्यांतल्या कोणत्या टिकतात आणि कोणत्या गळतात, हे स्टुटगार्टच्या कचेरीत बसलेला मराठी माणूसच सर्वांत नेमके सांगू शकेल. त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. प्रसंग, माणसांची पदे, बोललेली वाक्ये आणि पुढे काय झाले, इतके प्रामाणिकपणे लिहिले की ती अभ्यासाला उपयोगी पडणारी नोंद होते. सहकाऱ्यांची नावे त्यात घालू नयेत. वाचकांनी आपल्या पहिल्या वर्षाच्या नोंदी जपून ठेवाव्यात, आपल्यामागून रुजू होणाऱ्याला त्या वाचायला द्याव्यात, आणि त्याला त्यांतले काय पटले नाही हे त्याच्याकडून आवर्जून विचारून घ्यावे.